आलेला x कमाल की किमान? दुसरा डेरिव्हेटिव्ह आणि दोन टोकं

बारावीच्या वर्गात दरवर्षी मी एक गणित मुद्दाम देते. १०० मीटर तार आहे. तिचे दोन तुकडे करायचे, एकाचं वर्तुळ वळवायचं आणि दुसऱ्याचा चौरस. दोन्ही आकृत्यांचं मिळून क्षेत्रफळ जास्तीत जास्त व्हायला हवं असेल, तर तार कुठे कापायची?

मुलं भराभर कामाला लागतात. वर्तुळासाठी x मीटर धरतात, सूत्र मांडतात, डेरिव्हेटिव्ह काढून शून्याशी मांडतात. x साधारण ४४ येतो. मग खाली दोन रेघा मारून लिहितात, "वर्तुळाला ४४ मीटर, चौरसाला ५६ मीटर, जास्तीत जास्त क्षेत्रफळ ३५० चौरस मीटर." आकडेमोड स्वच्छ असते, π ची किंमत बरोबर असते, दशांश चिन्हही जागच्या जागी असतं. पण ही तार कापायची याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. ४४ मीटरवर एकूण क्षेत्रफळ सगळ्यात कमी भरतं. तारेला हात न लावता सगळीचा एकच चौरस केला असता, तरी ६२५ चौरस मीटर मिळाले असते.

यावर वर्गातून हमखास प्रश्न येतो, "मॅडम, डेरिव्हेटिव्ह शून्य केला की मॅक्सिममच येतो ना?" प्रश्न विचारणाऱ्याची चूक नाही. वहीतल्या दहापैकी नऊ गणितांत तसंच घडलेलं असतं, त्यामुळे शेवटच्या दोन ओळींचा पडताळा हा गुणांसाठी लिहायचा उपचार वाटायला लागतो. त्या दोन ओळींत खरं काय तपासलं जातं, ते इथे सावकाश पाहू.

## शून्य नेमकं काय सांगतं

डेरिव्हेटिव्ह म्हणजे चढ. x थोडा वाढवला तर आपली राशी किती वेगानं वाढते किंवा घटते, याचा तो आकडा. आकडा धन असेल तर रस्ता चढतोय, ऋण असेल तर उतरतोय आणि शून्य असेल तर त्या जागी रस्ता सपाट आहे. यापुढे मी बहुतेक ठिकाणी 'चढ' हाच शब्द वापरणार आहे.

राजगडावर गेला असाल तर आठवून पाहा. गुंजवण्यातून चढत चढत चोरदरवाजातून आपण पद्मावती माचीवर येतो. पाय सपाटीला लागतात, दम खाता येतो. पण वर बघितलं की बालेकिल्ला अजून उभाच असतो. माचीवर रस्ता सपाट आहे, म्हणून आपण गडाच्या माथ्यावर आलो असं कोणी म्हणत नाही.

रस्ता सपाट असण्याची तीन कारणं असू शकतात. आपण माथ्यावर असू, दरीच्या तळाशी असू किंवा माचीवर असू. चढ शून्य आहे एवढ्या माहितीवरून या तिघांतलं कोणतं, ते ठरत नाही. वर्गातली मुलं तारेच्या गणितात दरीच्या तळाशी जाऊन बसली आणि त्यांनी तिथे माथ्याचा झेंडा लावला.

## उड्डाणपूल की भुयारी मार्ग

आता दुसरा डेरिव्हेटिव्ह. पहिला डेरिव्हेटिव्ह म्हणजे चढ, आणि त्या चढाचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे दुसरा. x पुढे सरकतो तसा चढ वाढतोय की कमी होतोय, एवढंच तो सांगतो.

स्कूटरवरून उड्डाणपूल ओलांडताना काय होतं? आधी चढ असतो, म्हणजे आकडा धन. मधोमध रस्ता सपाट होतो, म्हणजे शून्य. मग उतार लागतो, म्हणजे ऋण. धन, शून्य, ऋण अशा क्रमानं तो आकडा सतत घटत गेला. घटणाऱ्या गोष्टीचा डेरिव्हेटिव्ह ऋण असतो, म्हणून माथ्यावर दुसरा डेरिव्हेटिव्ह ऋण. रेल्वेखालच्या भुयारी मार्गात नेमकं उलटं घडतं. आधी उतार, मध्ये सपाट, मग चढ. ऋणाकडून धनाकडे जाताना आकडा वाढत जातो, म्हणून तळाशी दुसरा डेरिव्हेटिव्ह धन.

"मायनस म्हणजे मॅक्सिमम" हे घोकून ठेवणारी मुलं घाईत हमखास उलटं लिहितात, कारण मायनसचा आणि मोठ्या उत्तराचा काहीच संबंध मनाला पटत नाही. पूल आठवला की घोकावं लागत नाही.

एक गणित पूर्ण करून पाहू. गावी काकांना शेळ्यांसाठी कुंपण घालायचं होतं. जाळी ४० मीटर आणली होती. एका बाजूला जुन्या वाड्याची दगडी भिंत आहे, तिथे जाळी लागणार नाही, बाकीच्या तीन बाजूंना लावायची. भिंतीलगतची बाजू x मीटर धरली तर समोरची बाजूही x, आणि उरलेली 40 − x मीटर जाळी दोन आडव्या बाजूंत सारखी वाटली जाईल. म्हणून

A = x(40 − x)/2 = 20x − x²/2

A′ = 20 − x

A″ = −1

चढ शून्य होतो तो x = 20 वर. दुसरा डेरिव्हेटिव्ह −1, म्हणजे ऋण, म्हणजे हा उड्डाणपूल. भिंतीलगत २० मीटर, खोली १० मीटर, क्षेत्रफळ २०० चौरस मीटर. आणखी एक गोष्ट इथे दिसते. A″ मध्ये x उरलेलाच नाही. म्हणजे रस्ता सगळीकडे उड्डाणपुलासारखाच वाकलेला आहे, मध्ये कुठे दरी लपलेली असण्याची शक्यता नाही.

पण बरेचदा A″ मध्ये x उरतो. तेव्हा x ची आलेली किंमत घालूनच चिन्ह पाहायचं. किंमत न घालता नुसतं समोर मायनस दिसलं म्हणून 'ऋण' लिहिणं ही उत्तरपत्रिकांत मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आहे. दुसरी चूक म्हणजे किंमत A″ ऐवजी पुन्हा A′ मध्ये घालणं. तिथे शून्यच येणार, आपण तो x तसाच तर शोधला होता.

## तारेच्या गणितात कुठे फसलो

आता तारेकडे परत येऊ. वर्तुळाचा परीघ x असेल तर त्याचं क्षेत्रफळ x²/(4π) होतं. चौरसाची परिमिती 100 − x, म्हणून त्याचं क्षेत्रफळ (100 − x)²/16. बेरीज करून डेरिव्हेटिव्ह काढले की

A = x²/(4π) + (100 − x)²/16

A′ = x/(2π) − (100 − x)/8

A″ = 1/(2π) + 1/8

A′ शून्य धरला की x = 100π/(4 + π), म्हणजे ४३.९९ मीटर. आणि A″ साधारण ०.२८, धन. इथेही x कुठे उरलेला नाही, त्यामुळे x काहीही घेतला तरी तो धनच राहणार. सगळा रस्ता भुयारी मार्गासारखा आहे. मुलांनी ही एक ओळ लिहिली असती तरी कळलं असतं की हातात तळ आहे.

मग माथा कुठे आहे? भुयारी मार्गाचा सगळ्यात उंच भाग कुठे असतो? एका किंवा दुसऱ्या तोंडाशी. x ला शून्यापासून १०० पर्यंतच फिरता येतं, म्हणून दोन टोकं तपासायची. x = 0 म्हणजे सगळ्या तारेचा चौरस, क्षेत्रफळ ६२५ चौरस मीटर. x = 100 म्हणजे सगळ्या तारेचं वर्तुळ, क्षेत्रफळ ७९५.८ चौरस मीटर. मधल्या तळाशी फक्त ३५०.१. जास्तीत जास्त क्षेत्रफळ हवं असेल तर तार कापायचीच नाही, सगळीचं वर्तुळ करायचं.

"पण मॅडम, गणितात तर दोन तुकडे करायचे असं म्हटलंय!" असा आक्षेप एका मुलीनं घेतला होता आणि तो अगदी रास्त होता. दोन तुकडे सक्तीचे असतील तर x ला शंभराच्या कितीही जवळ जाता येतं, पण शंभर होता येत नाही. ९९ मीटरपेक्षा ९९.९ मीटर चांगले, त्याहून ९९.९९ चांगले, आणि हे कधी संपतच नाही. अशा वेळी 'सगळ्यात मोठं' उत्तर अस्तित्वातच नसतं. टोक हद्दीत धरलंय की नाही, हे गणित सोडवायला बसण्याआधी ठरवावं लागतं ते यासाठी.

## टोकावर चढ शून्य का नसतो

सपाट जागेची युक्ती चालते, कारण माथ्याच्या दोन्ही बाजूंना आपल्याला पाऊल टाकता येतं. एका बाजूला चढ उरला असता तर तिकडे जाऊन आणखी वर पोचलो असतो. म्हणून मधल्या माथ्यावर, जिथे रस्ता गुळगुळीत आहे तिथे, चढ शून्यच असावा लागतो. टोकावर मात्र एकच बाजू असते. बालेकिल्ल्याचा दरवाजा बंद असेल, तर त्या दिवशी आपण पोचू शकतो ती सगळ्यात उंच जागा म्हणजे दरवाजासमोरची पायरी. तिथे रस्ता सपाट नाही, चांगला उभा चढ आहे. पण पुढे जाता येत नाही.

A′ = 0 हे समीकरण अशी जागा कधीच दाखवणार नाही. त्याला हद्द माहीतच नाही, त्याला फक्त सूत्र माहीत आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाच्या नावानं ओळखलं जाणारं एक प्रमेय इथे आधाराला येतं. रेषा कुठे तुटत नसेल आणि हद्दीची दोन्ही टोकं हद्दीत धरलेली असतील, तर सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान किंमत नक्की कुठेतरी मिळतेच. आणि ती मिळण्याच्या जागा तीनच. चढ शून्य असलेली जागा, टोक, किंवा रेषेला कोपरा असल्यामुळे जिथे चढ ठरवताच येत नाही अशी जागा. या सगळ्या जागांवरच्या मूळ किमती काढून शेजारी शेजारी मांडल्या की निवाडा होतो. तारेच्या गणितात ३५०.१, ६२५ आणि ७९५.८ हे तीन आकडे समोर ठेवले, तर दुसऱ्या डेरिव्हेटिव्हशिवायही सगळं दिसतं.

## भिंत बाराच मीटर निघाली तर

शेळ्यांच्या कुंपणाचं उत्तर मी काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अगं, भिंत बाराच मीटर उभी आहे. वीस कुठून आणू?"

ही हद्द मी धरलीच नव्हती. आता x शून्यापासून १२ पर्यंतच जाऊ शकतो आणि सपाट जागा २० वर, म्हणजे हद्दीबाहेर आहे. हद्दीच्या आत चढ कुठेच शून्य नाही. x = 12 वर चढ 20 − 12 = 8, चांगला धन, म्हणजे रस्ता अजून चढतोच आहे आणि भिंत संपली. म्हणून उत्तर टोकावर. भिंतीलगत १२ मीटर, खोली १४ मीटर, क्षेत्रफळ १६८ चौरस मीटर. पुस्तकातलं गणित असतं तर इथे संपलं असतं.

पण टोकावर चढ ८ एवढा उरलाय, हे पाहून थोडं थांबायला हवं. टोकाशी उरलेला चढ म्हणजे, ही हद्द सरकवता आली तर किती फायदा होईल याचा इशारा असतो. भिंत संपली म्हणून कुंपण संपलंच पाहिजे असं कुठे आहे? भिंतीच्या पुढे तिच्याच रेषेत थोडी जाळी लावता येईल. तसं केलं तर मागच्या बाजूला x − 12 मीटर जादा जाळी लागते, खोली 26 − x उरते आणि

A = x(26 − x), A′ = 26 − 2x, A″ = −2

चढ x = 13 वर शून्य, दुसरा डेरिव्हेटिव्ह ऋण, आणि १३ हे या सूत्राच्या हद्दीत, म्हणजे बाराच्या पुढे आहे. १३ गुणिले १३, म्हणजे १६९ चौरस मीटर. फायदा एका चौरस मीटरचा. काकांनी तो सोडून दिला, कारण त्यासाठी भिंतीपलीकडे एक खांब जास्त रोवावा लागला असता. त्यांचं बरोबरच होतं. पण १६८ हे सगळ्यात मोठं उत्तर नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता हीच भिंत १४ मीटर असती तर काय झालं असतं, ते पाहा. मला या सगळ्या प्रकारातला हा भाग सगळ्यात आवडतो. चौदापर्यंत जुनं सूत्र चालेल, त्याची सपाट जागा २० वर. चौदाच्या पुढे नवं सूत्र A = x(27 − x), त्याची सपाट जागा १३.५ वर. पहिलं सूत्र चौदापर्यंतच लागू आहे आणि त्याचं उत्तर २०. दुसरं सूत्र चौदाच्या पुढे लागू आहे आणि त्याचं उत्तर १३.५. दोन्ही उत्तरं आपापल्या हद्दीबाहेर!

घाईत असलेला माणूस १३.५ दुसऱ्या सूत्रात घालतो आणि त्याला १८२.२५ चौरस मीटर मिळतात. आकडा मोहात पाडणारा आहे, कारण खरं उत्तर त्याहून थोडं कमी आहे. पण त्या सूत्रात x = 13.5 घालणं म्हणजे मागच्या बाजूला उणे अर्धा मीटर जाळी लावणं. अशी जाळी दुकानात मिळत नाही. भिंतीलगत खरोखर १३.५ मीटर घेतले, तर पहिल्या सूत्रानं क्षेत्रफळ १७८.९ च्या आसपास भरतं.

खरं उत्तर x = 14 वर आहे. १४ गुणिले १३, म्हणजे १८२. तिथे डावीकडून येताना चढ 20 − 14 = 6, आणि उजवीकडे पाऊल टाकताच 27 − 28 = −1. सहावरून थेट उणे एकवर उडी, मध्ये शून्य लागलंच नाही. घराच्या कौलारू छपराच्या आढ्यावर जसं असतं तसं, दोन्ही बाजूंना उतार आहे आणि वर सपाट जागा औषधालाही नाही. इथे दुसरा डेरिव्हेटिव्ह काढायचा प्रश्नच येत नाही, कारण पहिलाच ठरत नाही. डावीकडचा चढ धन आणि उजवीकडचा ऋण, एवढ्यावर माथा सिद्ध होतो. आणि यापुढे चढ ऋणच राहतो, म्हणून दुसरा माथाही नाही.

## दुसरा डेरिव्हेटिव्हही शून्य आला तर

तर तो काहीच सांगत नाही, एवढंच समजायचं. "शून्य आला म्हणजे कमालही नाही आणि किमानही नाही" असं अनेकजण लिहून मोकळे होतात, ते चूक आहे.

x³ आणि x⁴ घ्या. दोघांचाही पहिला आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह x = 0 वर शून्य आहे. तरी x³ ला तिथे माची आहे आणि x⁴ ला दरीचा तळ. फरक ओळखायला शून्याच्या थोडं डावीकडे आणि थोडं उजवीकडे चढ पाहायचा. x³ चा चढ 3x², तो −0.1 वरही ०.०३ आणि 0.1 वरही ०.०३. दोन्हीकडे चढच आहे, म्हणून माची. x⁴ चा चढ 4x³, तो डावीकडे −०.००४ आणि उजवीकडे ०.००४. आधी उतार, मग चढ, म्हणून तळ.

ही दोन बाजूंना चढ पाहण्याची रीत दुसरा डेरिव्हेटिव्ह नीट येत असतानाही वापरता येते. भागाकार आणि वर्गमुळं असलेल्या सूत्रांचा दुसरा डेरिव्हेटिव्ह काढताना पानभर आकडेमोड होते आणि तिथेच चुका होतात. त्यापेक्षा दोन किमती घालून चिन्हं पाहणं सोपं. फक्त घेतलेली किंमत आणि आपली जागा यांच्यामध्ये दुसरी सपाट जागा किंवा तुटलेली रेषा नको. तशी असेल तर आपण भलत्याच टेकडीचा उतार मोजत असतो.

## "प्रत्येक वेळी टोकं तपासायलाच हवीत का?"

हा आक्षेप परीक्षेच्या घड्याळाकडे बघणाऱ्या मुलांचा असतो आणि त्याचं प्रामाणिक उत्तर आहे: नाही, प्रत्येक वेळी नाही. दुसरा डेरिव्हेटिव्ह एका बिंदूवर ऋण आला, तर त्यातून फक्त आसपासच्या भागातला माथा सिद्ध होतो. पलीकडच्या डोंगरावर याहून उंच जागा आहे की नाही, ते त्याला दिसत नाही. पण तो संपूर्ण हद्दीत ऋणच असेल आणि सपाट जागा हद्दीच्या आत असेल, तर सगळा रस्ता म्हणजे एकच उड्डाणपूल, आणि टोकं माथ्यापेक्षा खालीच असणार. भिंत भरपूर लांब असताना काकांचं कुंपण असंच होतं. तिथे "x च्या सर्व किमतींसाठी A″ ऋण आहे" हे एक वाक्य पुरतं. मात्र ते वाक्य लिहायला हवं.

काही गणितांत टोकंच नसतात. एक लिटरचा, झाकण असलेला गोल डबा कमीत कमी पत्र्यात करायचा आहे. तळाची त्रिज्या r सेंटिमीटर धरली, तर पत्रा

S = 2πr² + 2000/r

S′ = 4πr − 2000/r²

S″ = 4π + 4000/r³

S′ शून्य होतो तो r साधारण ५.४२ वर. डब्याची उंची त्रिज्येच्या दुप्पट, १०.८४ सेंटिमीटर, आणि पत्रा साधारण ५५४ चौरस सेंटिमीटर. r शून्यापेक्षा मोठा काहीही असू शकतो, म्हणजे डावीकडे शून्य हद्दीत नाही आणि उजवीकडे हद्दच नाही. अशा वेळी टोकाकडे जाताना काय होतं ते पाहायचं. r अगदी बारीक केला तर डबा उदबत्तीच्या नळीसारखा उंचच उंच होतो आणि 2000/r भडकतो. r खूप मोठा केला तर डबा परातीसारखा पसरतो आणि 2πr² भडकतो. दोन्हीकडे पत्रा वाढतच जातो, S″ प्रत्येक धन r साठी धन आहे, म्हणून ५.४२ वरचा तळ हाच सगळ्यात खालचा.

## माथ्याजवळ चुकलं तर किती बिघडतं

दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं चिन्ह पाहून आपण त्याला सोडून देतो. पण त्याचा आकडाही कामाचा आहे. तो सांगतो की पूल किती टोकदार आहे. माथ्यापासून h एवढं सरकलं, तर नुकसान साधारण A″ च्या निम्म्याला h² नं गुणल्याइतकं होतं. लांब भिंतीच्या कुंपणात A″ = −1, म्हणून x वीसऐवजी २१ घेतला तर नुकसान फक्त अर्ध्या चौरस मीटरचं. २१ गुणिले साडेनऊ करून पाहा, १९९.५ येतात. खांब रोवताना मध्ये खडक लागला आणि मीटरभर सरकावं लागलं, तरी शेळ्यांना पत्ता लागणार नाही.

टोकावर मात्र ही माफी नसते. १२ मीटरच्या भिंतीवर चढ ८ होता. तिथे भिंतीलगत मीटरभर कमी घेतलं, म्हणजे ११ मीटर, तर क्षेत्रफळ १५९.५ वर येतं. साडेआठ चौरस मीटर एका झटक्यात गेले. उत्तर सपाट माथ्यावर आहे की उभ्या टोकावर, हे कळलं तर कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे सैल सोडायचं तेही ठरवता येतं.

माथ्याजवळची ही सपाटी योहानेस केपलरनं डेरिव्हेटिव्हचा शोध लागण्याआधीच हेरली होती. १६१३ साली ऑस्ट्रियातल्या लिंत्सजवळच्या एफर्डिंग गावी त्याचं दुसरं लग्न झालं, त्यासाठी दारूची पिंपं मागवली होती. व्यापारी पिंपाच्या पोटावरच्या भोकातून एक पट्टी तिरपी आत घालून समोरच्या कडेपर्यंत नेई आणि पट्टी किती ओली झाली त्यावर किंमत लावी. पिंप उभट असो की बसकं, पट्टी सारखी भिजली तर पैसे सारखे! केपलरला हे खटकलं आणि त्यानं १६१५ मध्ये पिंपांच्या घनफळावर लॅटिनमध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं.

पिंप साधं नळकांड्यासारखं धरलं, तर हे गणित आज आपल्याला चार ओळींत करता येतं. पट्टीची ओली लांबी s आणि पिंपाची लांबी h. भोक मधोमध असल्यामुळे s² = (व्यास)² + (h/2)², म्हणून

V = (π/4)(s²h − h³/4)

V′ = (π/4)(s² − 3h²/4)

V″ = −(3π/8)h

चढ शून्य होतो तो h = 2s/√3 वर. तिथे V″ ऋण आहे, आणि h = 0 व h = 2s या दोन्ही टोकांना पिंपात थेंबही मावत नाही, म्हणून हाच माथा. केपलरच्या लक्षात आलं की ऑस्ट्रियातल्या पिंपांचा घाट या प्रमाणाच्या जवळचाच आहे. सगळ्यात मोठ्या घनफळाच्या आसपास आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी घनफळात फरक जवळजवळ पडत नाही, असंही त्यानं नोंदवून ठेवलं. कारागिराच्या हातून एखादं पिंप थोडं लांब किंवा थोडं आखूड निघालं, तरी व्यापाऱ्याच्या पट्टीनं गिऱ्हाईक फारसं नाडलं जात नव्हतं.